गूळ-शेंगदाणा साबणाचं वर्णन: एका वडीचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. शेजारच्या गल्लीत राहतात, कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या मागे भाड्याच्या गाळ्यात साबण करतात, परवाना काढून रीतसर विकतात. मी छोट्या उत्पादकांची लेबलं आणि वर्णनं लिहून देते, आणि घरचा साबण गेली कित्येक वर्षं स्वतःच करते, म्हणून अशा वेळी मला हाक येते. "ताई, जरा गाळ्यावर येता काय? दोन गिऱ्हाइकांनी एकदमच तक्रार केलीया."

टेबलावर एक वडी होती. गडद तपकिरी, काठाला केशरी-पिवळे ठिपके, राईएवढे. मी नाकाशी नेली. गवती चहाच्या वासाखालून जुन्या तेलाच्या डब्याचा वास येत होता, दिवाळीनंतर तळलेल्या तेलाला येतो तसा. ही वडी जानेवारीत केलेली, मार्चमध्ये विकलेली. गिऱ्हाइकाचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही दोन वर्षं टिकतो लिहिलंय, हा सहा महिन्यांत खराब झाला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. एका आईने मुलाच्या इसबासाठी हाच साबण घेतला होता, कारण वर्णनात तसं लिहिलं होतं. मुलाच्या कोपराला आग झाली. वहिनींनी पैसे परत दिले, पण त्या दिवशी त्या नीट जेवल्याही नव्हत्या.

जुनं वर्णन असं होतं. त्यांच्याच परवानगीने जसंच्या तसं देते:

"१००% नैसर्गिक, केमिकल फ्री, औषधी गुणांनी युक्त कोल्हापुरी गुळाचा साबण. इसब, पुरळ, मुरुमं, काळे डाग घालवतो. त्वचा उजळवतो. पीएच बॅलन्स्ड. सर्व प्रकारच्या त्वचेसाठी, लहान बाळांसाठीही. ४० दिवस क्युअर केल्याने कॉस्टिक पूर्ण उडून जातो. वजन १२० ग्रॅम. २ वर्षे टिकतो."

वाचून झाल्यावर मी फक्त बॅचची वही मागितली. वहिनींची वही चांगली आहे. तारीख, तेलाचं वजन, खोलीतली हवा, कापल्याचा दिवस, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. मला खटकलं ते हेच. वहीत सगळं खरं होतं आणि वर्णनातली एकही ओळ त्या वहीतून आलेली नव्हती. म्हणून आम्ही ठरवलं की जी ओळ वहीतल्या नोंदीवर बोट ठेवून दाखवता येणार नाही, ती वर्णनात राहणार नाही.

घटक: भांड्यात काय गेलं आणि वडीत काय उरलं

जानेवारीच्या बॅचची नोंद अशी होती. शेंगदाणा तेल ३५० ग्रॅम, खोबरेल ३००, करडई तेल ३००, एरंडेल ५०. म्हणजे एकूण एक किलो तेल. कॉस्टिक सोडा १४२ ग्रॅम, पाणी २८४, गूळ २०, गवती चहाचं सुगंधी तेल १५.

कॉस्टिकचा आकडा मी पुन्हा काढून पाहिला. प्रत्येक तेलाला साबण व्हायला कॉस्टिक वेगवेगळं लागतं. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा आणि करडईला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. चारही तेलांची बेरीज १४९.७ ग्रॅम होते. वहिनी त्यातून पाच टक्के कमी घालतात, म्हणून १४२. हे पाच टक्के मुद्दाम सोडलेले असतात, म्हणजे सगळं कॉस्टिक संपतं आणि थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं. हिशेब बरोबर होता. तेल बदललं की आकडा बदलतो, त्यामुळे माझे हे आकडे पाहून कुणी थेट भांडं चढवू नये. आपल्या तेलांचा हिशेब आपणच करायचा.

आता "केमिकल फ्री". १४२ ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून केलेली वस्तू केमिकल फ्री म्हणता येत नाही. त्याशिवाय तेलाचा साबण होतच नाही. वहिनींना हे ठाऊक होतं, भीती वेगळीच होती. "अहो, कॉस्टिक लिहिलं तर कोण हात लावंल? लोक म्हणतील हे तर संडास धुवायचं."

मी म्हटलं, लपवलं की भीती वाढते, नीट सांगितलं की जाते. कॉस्टिक तेलाशी जुळतं आणि त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. हिशेबात कॉस्टिक कमी घातलेलं असल्यामुळे तयार वडीत ते मोकळं उरत नाही. हीच गोष्ट दोन सोप्या वाक्यांत वर्णनात घातली. पाकिटावरच्या घटकयादीचा प्रकार वेगळा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने आणि त्याहून कमी असलेले त्यानंतर द्यायचे, असं २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत आहे. तिथे वडीत प्रत्यक्षात जे आहे त्याची, म्हणजे साबण झालेल्या तेलांची ठरलेली नावं येतात: सोडियम पीनटेट, सोडियम कोकोएट वगैरे. ही नावं गिऱ्हाइकाला घरच्या भाषेत कळावीत म्हणून वर्णनात "आम्ही काय घेतलं" हे मराठीत लिहायचं ठरलं.

"शेवटी घातलेल्या तेलाचे सगळे गुण वडीत राहतात" असं वहिनी गिऱ्हाइकांना तोंडी सांगत असत. तेही मी थांबवायला सांगितलं. थंड पद्धतीच्या, म्हणजे न शिजवता केलेल्या साबणात कॉस्टिक तेलं निवडून खात नाही. आधी घातलेलं असो की शेवटी, जे पाच टक्के उरतं ते सगळ्या तेलांचं मिश्रण असतं. ते किती, तर किलोमागे ५० ग्रॅम. बारा वड्यांत वाटलं की वडीमागे चार ग्रॅमच्या आसपास. "बदाम तेलाचे जीवनसत्त्व" वगैरे लिहिणाऱ्यांनी हे चार ग्रॅम एकदा चमच्यात काढून पाहावेत.

गुळावर मात्र आम्ही बराच वेळ बोललो, कारण या वडीची ओळखच गूळ आहे. गूळ साबणात दोन कामं करतो, फेस वाढवतो आणि रंग आणतो. तिसरं काम त्रासाचं, तो मिश्रण तापवतो. गूळ थेट कॉस्टिकच्या पाण्यात टाकला तर ते काळपट होऊन उसळतं. म्हणून वहिनी आधीच्या पाण्यातलंच थोडं पाणी बाजूला काढून त्यात गूळ विरघळवतात, फडक्यातून गाळतात, गार करतात आणि साबण दाटायला लागला की मग घालतात. तरीही मार्चच्या एका बॅचला साच्यात मधोमध लांब भेग पडली होती, पाव फुगून फाटावा तशी. त्या दिवशी साचा घोंगडीत गुंडाळून ठेवला होता. गुळाच्या साबणाला ऊब लागत नाही, उलट वारा लागतो.

या सगळ्यातून वर्णनात काय आलं? "गुळामुळे फेस वाढतो आणि वडीला तपकिरी रंग येतो. वेगळा रंग घातलेला नाही." एवढंच. "उजळवतो" गेलं. वीस ग्रॅम गूळ एका किलो तेलात, तोही धुऊन जाणारा. त्याने कातडीचा रंग बदलतो हे दाखवणारी नोंद ना वहिनींकडे होती ना माझ्याकडे. "कोल्हापुरी गूळ" हे शब्द ठेवायचे का, यावरही विचार केला. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे बाहेरून आलेल्या ढेपेवर ते चिकटवता येत नाही. वहिनींचा गूळ करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचा, पावती वहीत टाचलेली. शब्द राहिला.

शेंगदाणा तेलाचं वर्णनात नावच नव्हतं, फक्त "शुद्ध वनस्पती तेलं". मला हे औषधी दाव्याइतकंच धोक्याचं वाटलं. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारी माणसं असतात, आणि त्यांना वडी हातात घेण्याआधी कळलं पाहिजे. म्हणून साबणाच्या नावातच शेंगदाणा आणला. त्याआधी नाव नुसतं "गूळ साबण" होतं.

औषधी शब्द कुठेकुठे लपतात

"घालवतो" आणि "बरा करतो" काढायला वहिनींनी हरकत घेतली नाही, मुलाचं कोपर डोळ्यांसमोर होतं. कायद्याची बाजूही मी सांगितली. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करण्यासाठी, सुशोभित करण्यासाठी वापरायची वस्तू. रोगाचं निदान, उपचार, तीव्रता कमी करणं किंवा प्रतिबंध यासाठी जी वापरायची ती औषध. म्हणजे वडी तीच राहते, पण "इसब घालवतो" लिहिलं की आपण आपल्याच तोंडाने तिला औषध म्हणतो, आणि वहिनींचा परवाना औषधाचा नाही. सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलावर घेणाऱ्याची दिशाभूल करणारा दावा चालत नाही, हेही नियमांत आहे.

पण उघड शब्द काढणं सोपं असतं. खरा वेळ आडवळणाच्या शब्दांनी खाल्ला. "औषधी गुणांनी युक्त" हा दावाच आहे. "जंतुनाशक" हाही. "मुरुमांच्या त्वचेसाठी खास" यात बरं करण्याचं क्रियापद नाही, पण वाचणारा तेच समजतो. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे गिऱ्हाइकांचे अभिप्राय. वहिनींनी एका बाईंचा मेसेज मोठ्या अक्षरांत लावला होता: "माझी खाज आठ दिवसांत गेली." वहिनी म्हणाल्या, "हे मी कुठं म्हणतोय? त्या म्हणत्यात की." त्या बाई म्हणाल्या हे खरं, पण माल विकायला ते वाक्य वहिनींनी लावलं. दुसऱ्याच्या तोंडून आपला दावा केला तरी तो आपलाच. अभिप्राय काढला, त्याजागी दुसरा निवडला: "फेस छान येतो, वास हलका आहे." त्या बाईंनी हेही लिहिलं होतं, फक्त ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"पीएच बॅलन्स्ड" हा शब्द ऐकायला निरुपद्रवी. वहिनींच्या कपाटात पट्ट्या होत्या. वडीचा किस पाण्यात विरघळवून पट्टी बुडवली, रंग नऊ आणि दहाच्या मधला आला. कॉस्टिकने केलेल्या खऱ्या साबणाचा तो तेवढाच येणार. त्वचेसारखा साडेपाचपर्यंत खाली आणायचा म्हटला तर साबण फुटून तेलकट लगदा होईल. वहिनींनी पट्टी पाहिली आणि स्वतःच त्या शब्दावर काट मारली.

क्युअरिंग: दिवस मोजायचे की वजन

"४० दिवस क्युअर केल्याने कॉस्टिक पूर्ण उडून जातो" हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचलं आहे, आणि ते चूक आहे. कॉस्टिक उडत नाही. ते तेलाशी जुळून संपतं, आणि ते काम बहुतांशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतं. हिशेबात कॉस्टिक जास्त पडलं असेल तर चाळीस दिवस ठेवून ती वडी वापरण्याजोगी होत नाही.

मग पुढचे आठवडे कशासाठी? पाणी जाण्यासाठी. आणि साबणाची आतली घडण पक्की होण्यासाठी. पाणी गेलेली वडी कडक असते, बाथरूममध्ये लवकर विरत नाही, फेस दाट देते. दोन आठवड्यांची आणि सहा आठवड्यांची वडी एकाच साबणदाणीत ठेवून बघा, कोवळी वडी चार दिवसांत खालून चिकट होते.

चाळीस हा आकडा मात्र कोल्हापूरच्या जुलैत चालत नाही. वहिनींनी दोन बॅचमधली एकेक वडी दर रविवारी वजन करून लिहिली होती. फक्त त्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. जानेवारीची वडी कापली तेव्हा ११८ ग्रॅम. चौथ्या आठवड्यात १०६, पाचव्यात १०४.५, सहाव्यात १०४. मागच्या पावसाळ्यातली वडीही ११८ वरच सुरू झाली, पण चौथ्या आठवड्यात ११०, सहाव्यात १०८.५, सातव्यात १०७.५ आणि आठव्यात कुठे १०७. मधल्या एका रविवारी, तीन दिवस झड लागलेली असताना, तिचं वजन अर्ध्या ग्रॅमने वाढलंसुद्धा होतं. ग्लिसरीन आणि गूळ दोघेही हवेतला ओलावा ओढतात. अशा दिवसांत वडीवर घामासारखे थेंब येतात.

म्हणून दिवसांऐवजी नियम वजनाचा केला: लागोपाठ दोन रविवारच्या वजनांत अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक नसेल, आणि ते वजन वाढलेलं नसेल, तरच वडी पाकिटात जाईल. वाक्याचं रूप झालं "किमान ६ आठवडे, पावसाळ्यात किमान ८". जाळीच्या रॅकमध्ये वड्या बोटभर अंतरावर उभ्या, मागे पंखा, आणि गाळ्याची खिडकी पावसात बंद. खिडकी उघडी ठेवली की वारा येतो असं वहिनींना वाटत होतं, पण येत होता तो ओलावा.

याच नोंदींतून "१२० ग्रॅम" हेही उघडं पडलं. ते ओल्या वडीचं वजन होतं, तेही वर ओढून लिहिलेलं. गिऱ्हाइकाच्या हातात १०४ ग्रॅम जात होते. आता पाकिटावर १०० ग्रॅम लिहितात. प्रत्यक्षात काही ग्रॅम जास्तच भरतात, कारण पुढेही वजन थोडं उतरत राहतं.

कोणत्या त्वचेसाठी

"सर्व प्रकारच्या त्वचेसाठी" लिहिलं की कुणासाठीच काही सांगितलं जात नाही. वहिनींनी मागच्या वर्षी ओळखीतल्या बारा जणांना वड्या देऊन तीन आठवडे वापरायला लावल्या होत्या आणि वहीत त्यांची वाक्यं लिहिली होती. तेलकट चेहऱ्याच्या दोघींनी "तोंड ओढल्यासारखं वाटत नाही, पण थोडा थर राहतो" म्हटलं होतं. कोरड्या हातापायांच्या चौघांना तो आवडला होता. एका आजोबांना हिवाळ्यात त्यानंतरही खोबरेल लावावं लागलं.

बारा माणसांच्या बोलण्यावरून "तज्ज्ञांनी तपासलेला" असं लिहिता येत नाही. त्यातून लिहिता येतो तो फक्त अनुभवाचा शब्द: अंघोळीनंतर कसं वाटतं. खोबरेलाचं प्रमाण ३० टक्के, म्हणजे मळ आणि तेल बऱ्यापैकी काढणारं, आणि पाच टक्के तेल मोकळं सोडलेलं. या मांडणीला "सामान्य ते किंचित कोरड्या त्वचेला बरा वाटतो" हे वाक्य बसतं. फार तेलकट चेहऱ्याला नको, हे आम्ही सरळ लिहिलं. "नाजूक त्वचा" हे शब्द अजिबात घेतले नाहीत, कारण यात गवती चहाचं सुगंधी तेल आहे आणि सुगंधी तेलं काहींना झोंबतात. बाळांचा उल्लेख पूर्ण काढला.

त्याऐवजी एक सूचना आली. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून धुवा, एक दिवस पाहा, लाली किंवा आग वाटली तर वापरू नका. त्वचेवर जखम, चट्टे किंवा उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हा दावा नाही. उलट, साबणाचं काम कुठे संपतं ते सांगणारी ही ओळ आहे.

बोअरच्या पाण्याची ओळ वहिनींच्या जावेने सुचवली. त्यांच्या घरी साबणाचा फेसच होत नाही, बादलीच्या कडेला पांढरा साका धरतो. जड पाण्यातले क्षार साबणाला धरून बसतात, त्यात वडीची चूक नसते. पण सांगितलं नाही तर तक्रार वडीचीच येते. म्हणून ती ओळही घेतली.

टिकण्याची मुदत: केशरी ठिपके कुठून आले

आता त्या पहिल्या वडीकडे. साबण खराब होतो म्हणजे बहुतेकदा त्यातलं तेल खवट होतं. हवा लागते, तेल ऑक्सिजन घेतं, आधी वास बदलतो मग केशरी डाग दिसतात. हे डाग पुसून जात नाहीत, त्यांच्याभोवती बोट फिरवलं तर चिकट लागतं. पावसाळ्यातला घाम वेगळा, तो फडक्याने पुसला जातो. वडीवरची पांढरी भुकटीही वेगळी, ती सोड्याची राख असते आणि पाण्याने धुतली जाते. गिऱ्हाइकाला हे तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून वर्णनात निदान घाम आणि ठिपके यांतला फरक सांगितला.

कोणतं तेल लवकर खवट होतं? ज्यात लिनोलिक आम्ल जास्त ते. नेहमीच्या करडईत ते सत्तर टक्क्यांच्या वर असतं, शेंगदाण्यात साधारण त्याच्या निम्मं किंवा कमी, खोबरेलात नावापुरतं. वहिनींच्या जुन्या वड्यांत करडई नव्हती. जानेवारीत ती कशी आली, तर माहेर मंगळवेढ्याकडचं, भावाने घाण्यावरचं करडईचं तेल दोन डबे पाठवलं. स्वयंपाकाला उत्तम तेल. पण साबणात तीस टक्के गेलं. त्यात डब्यावर तारीख नव्हती, म्हणजे तेल येतानाच किती जुनं होतं तेही कळायला मार्ग नाही. शिवाय जानेवारीत पाणी बोअरचं वापरलं होतं, आणि लोखंडाचा अंश खवटपणाला घाई करतो. ठिपक्यांचं कारण यातलं नेमकं एकच, असं मी म्हणणार नाही. मात्र करडई नसलेली, मागच्या ऑक्टोबरची एक वडी वहिनींच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात सापडली. नवव्या महिन्यात तिला ना ठिपका होता ना वास.

नवी मांडणी अशी झाली: शेंगदाणा तेल ५००, खोबरेल ३००, कोकमाचं घट्ट तेल १५०, एरंडेल ५०. कोकम तेल सिंधुदुर्गातून येतं, टणक आणि टिकाऊ. कॉस्टिक पुन्हा काढलं तर योगायोगाने १४२ च आलं. पाणी डिस्टिल्ड. तेल खवट होऊ नये म्हणून किलोमागे १ ग्रॅम रोझमेरीचा अर्क. आणि तारीख नसलेलं तेल गाळ्यात घ्यायचं नाही.

मुदत किती लिहायची, यावर आमचं थोडं वाजलं. वहिनींना बारा महिने हवे होते, "बाकीचे सगळे वर्षभर लिहित्यात." पण आमच्या हातात नऊ महिने चांगली राहिलेली एकच वडी होती. म्हणून नऊ. आणि मोजायचं ओतल्याच्या महिन्यापासून, पाकीट बंद केल्यापासून नाही. वडी कापली त्या दिवसापासून मोकळ्या तेलाला हवा लागायला सुरुवात होते, पाकिटाने ते घड्याळ मागे जात नाही. पावसाळी बॅचचे दोन महिने रॅकवरच जातात, गिऱ्हाइकाला सात मिळतात. वहिनींनी हिशेब केला, महिन्याला जेवढ्या वड्या विकल्या जातात त्याला सात महिने भरपूर होते.

शेवटी पानावर आलेलं वर्णन

"कोल्हापुरी गूळ आणि शेंगदाणा तेलाचा अंघोळीचा साबण. यात शेंगदाणा आहे. ॲलर्जी असेल तर वापरू नका.

आम्ही घेतलेल्या वस्तू, जास्त ते कमी: शेंगदाणा तेल, खोबरेल, पाणी, कोकम तेल, कॉस्टिक सोडा, एरंडेल, गूळ, गवती चहाचं सुगंधी तेल, रोझमेरी अर्क (तेल खवट होऊ नये म्हणून). कॉस्टिक सोड्याशिवाय तेलाचा साबण होत नाही. आम्ही तो हिशेबापेक्षा थोडा कमी घालतो, त्यामुळे तयार वडीत मोकळा उरत नाही. गुळामुळे फेस वाढतो आणि तपकिरी रंग येतो. वेगळा रंग नाही.

थंड पद्धतीने केलेला, किमान ६ आठवडे वाळवलेला, पावसाळ्यात किमान ८. वजन उतरायचं जवळजवळ थांबल्यावरच पाकिटात भरतो.

सामान्य ते किंचित कोरड्या त्वचेला बरा वाटतो. फार तेलकट चेहऱ्यासाठी नाही. यात सुगंधी तेल आहे. पहिल्यांदा कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा. हा अंघोळीचा साबण आहे, औषध नाही. त्वचेचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो.

ओतल्याच्या महिन्यापासून ९ महिन्यांत वापरा. वापरानंतर जाळीच्या साबणदाणीत निथळू द्या. पावसाळ्यात वडीला घाम आला तर पुसून घ्या, साबण चांगलाच असतो. केशरी ठिपके आणि खवट वास आला तर वापरू नका, आम्हाला कळवा."

पहिल्या महिन्यात विचारणा कमी झाल्या, हे खरं. इसबासाठी विचारणारे गेले. त्यातलीच एक आई मात्र पुन्हा आली, स्वतःसाठी घ्यायला. वहिनींनी तिला वडी देण्याआधी विचारलं, "शेंगदाणा चालतो न्हवं घरात सगळ्यांना?"

ऑगस्टच्या नव्या बॅचमधल्या तीन वड्या तारीख टाकून त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. दर महिन्याच्या एक तारखेला झाकण उघडायचं, वास घ्यायचा, उजेडात फिरवून काठ बघायचे आणि वहीत लिहायचं. बारा महिने स्वच्छ निघाल्या तर पाकिटावरचा आकडा वाढवायचा, असं ठरलं होतं. अकराव्या महिन्यात एका वडीच्या कोपऱ्याला टाचणीच्या टोकाएवढा केशरी ठिपका दिसला. वास नव्हता. वहिनींनी तो मला दाखवला, वहीत लिहिला आणि छापखान्याला फोन करून सांगितलं की पाकिटं नऊ महिन्यांचीच छापा.